शाळेचा कचरा आधी तोला

शाळेच्या व्हरांड्यात दोन बादल्या असतात. हिरवी ओल्या कचऱ्याची, निळी सुक्याची. शाळा सुटल्यावर दोन्हींची झाकणे उघडून पाहिली, तर बहुतेक ठिकाणी आत एकच ऐवज सापडतो: खिचडीची शिते, केळीचे साल, वहीची चुरगळलेली पाने, वेफर्सची रॅपर्स, पेन्सिलीचा भुगा. हिरवीत खिचडी थोडी जास्त, निळीत कागद थोडा जास्त, एवढाच काय तो फरक. अशा शाळेत कचरा वर्गीकरणाचा प्रकल्प ठरला की पहिल्याच दिवशी घोषवाक्ये रंगवायला घेतात, फेरी निघते, फोटो निघतात. दोन महिन्यांनी अहवालात लिहिले जाते की विद्यार्थ्यांमध्ये जागृती झाली. ती किती झाली, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण सुरुवातीला कोणी काही मोजलेले नसते.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिला आठवडा गप्प बसून फक्त तोलायचे. मुख्याध्यापक, शाळेच्या मावशी आणि तोलणारी आठ-दहा मुले सोडली तर कोणाला काही सांगायचे नाही. आपला कचरा तपासला जातोय हे कळले की मुले दोन-चार दिवस शहाण्यासारखी वागतात आणि सुरुवातीचा आकडाच खोटा निघतो.

सगळी पद्धत एका शाळेवर करून पाहू. हिशेबासाठी तालुक्याच्या गावातली, पाचवी ते दहावीची, ४२० मुलांची शाळा धरू. पाचवी ते आठवीला दुपारची खिचडी मिळते, नववी-दहावीची मुले डबा आणतात, फाटकाबाहेर एक किराणा दुकान आहे, सकाळी नगरपालिकेची घंटागाडी येते. आठ आठवड्यांचा प्रकल्प आहे आणि सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर होते. तेव्हा पाऊस नसतो, कागद-पाला कोरडा असतो. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात मात्र स्नेहसंमेलन, सहल, परीक्षा यातले काहीही येऊ देऊ नका. दोन्ही आठवडे अगदी साधे, रोजच्यासारखे हवेत.

तोलायला फार सामान लागत नाही. एक ताडपत्री, सहा घमेली किंवा पाट्या, रबरी हातमोजे, लांब चिमटा, भंगारवाल्याकडे असतो तसा ताणकाटा आणि हलक्या वस्तूंसाठी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा. काटा खरा आहे की नाही हे पाहायला एक लिटर पाणी मोजून तोला. रिकाम्या बाटलीचे वजन वजा करून एक किलो भरले पाहिजे. पन्नास ग्रॅमचा फरक आला तर काटा बदला किंवा तो फरक वहीत लिहून ठेवा. हेच काम आठवीच्या मुलांकडून करून घेतले, तर उरलेल्या सगळ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसतो.

सोमवार ते शुक्रवार, शाळा सुटल्यावर, सगळ्या बादल्या मैदानाच्या कडेला आणायच्या. आधी मोठ्या माणसाने, म्हणजे शिक्षकाने, चिमट्याने वरवर चाळून ब्लेड, फुटकी काच, औषधाची पाकिटे, सॅनिटरी पॅड बाजूला काढायचे. हे काम मुलांचे नाही, कधीच नाही. मुलींच्या स्वच्छतागृहातली बादली तर ताडपत्रीवर रिकामी करायचीच नाही. बंद पिशवीसकट शिक्षिकेने तोलून वजन लिहायचे, बस. पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत लोकांपुढे ठेवली, ती याच कारणासाठी. पुडी हातात घेणाऱ्याला आत काय आहे ते उघडण्याआधी कळले पाहिजे.

मग एकेक बादली वेगळी तोलायची, ताडपत्रीवर ओतायची आणि सहा ढीग करायचे: अन्न आणि साली, कागद, विकता येईल असे प्लास्टिक-पत्रा-काच, रॅपर्स, केर-माती, आणि मघाशी बाजूला काढलेले घातक. बादली कोणती होती आणि कुठे ठेवलेली होती हे लिहिल्याशिवाय ती ओतायची नाही. मैदानातला पाला यात धरायचा नाही. तो ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो आणि मुलांच्या सवयींबद्दल काहीच सांगत नाही. शाळा मोठी असेल आणि रोज पन्नास-साठ किलो कचरा निघत असेल, तर सगळा निवडणे जमत नाही. तेव्हा तो कालवून त्याचा ढीग करतात, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवतात, आणि हाताळण्याजोगा होईपर्यंत पुन्हा तेच करतात. आपल्या शाळेला त्याची गरज नाही.

पाच दिवसांची बेरीज अशी आली असे धरू: एकूण ६० किलो. त्यात अन्न आणि साली ३३ किलो, कागद १२.६, विकाऊ भंगार ४.२, रॅपर्स १.८, केर-माती ७.२ आणि घातक १.२ किलो.

रॅपर्स फक्त तीन टक्के दिसतात, तेव्हा ती सोडून द्यावीत असे वाटेल. इथे वजन फसवते. पाच रुपयांच्या पुड्याचे एक रॅपर दीड ग्रॅमचे धरले तर १.८ किलो म्हणजे १,२०० रॅपर्स, रोजची २४०. मैदानभर उडतात ती हीच आणि गटारीत अडकतात तीही हीच. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे भंगारवाला ती घेत नाही. तेव्हा अन्न किलोत मोजा, पण रॅपर्स नगांत मोजा.

दुसरी फसगत कागदाची. पहिल्या आठवड्यात कागद १२.६ किलो भरला, त्यातला बराचसा वरण-खिचडीत भिजलेला असतो. भिजलेला कागद जड होतो. पुढे वर्गीकरण सुधारले की तोच कागद कोरडा राहतो आणि वजनाला कमी भरतो. मुले खुशीत लिहितात की कागदाचा वापर घटला. तो घटलेला नसतो, फक्त सुकलेला असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून कागदाचे दोन रकाने ठेवा: रद्दीवाला घेईल असा कोरडा आणि खराब झालेला. आपल्या शाळेत सुरुवातीला १२.६ पैकी ५ किलो कोरडा निघाला असे धरू.

आता या प्रकल्पाचे जे दोन खरे आकडे आहेत, त्यांच्याकडे येऊ. पाच दिवसांत हिरव्या बादल्यांमध्ये मिळून २० किलो कचरा जमला, त्यात खरोखर ओला होता १४ किलो. चौदा भागिले वीस, म्हणजे ७० टक्के. याला बादलीची शुद्धता म्हणू. सत्तर टक्के ऐकायला बरे वाटते. पण शाळेत एकूण ओला कचरा ३३ किलो होता आणि त्यातला हिरव्या बादलीत पोहोचला फक्त १४ किलो, म्हणजे ४२ टक्के. ही झाली बादलीची पकड. बाकीचा १९ किलो निळ्या बादल्यांत, वर्गाच्या कोपऱ्यातल्या टोपल्यांत, नळाखाली पडलेला होता.

हे दोन आकडे नेहमी जोडीने लिहायला हवेत. एका हिरव्या बादलीत दिवसभरात केळीचे एकच साल पडले तर तिची शुद्धता शंभर टक्के, पण तिचा उपयोग शून्य. उलट शाळेचा सगळा कचरा हिरवीत ओतला तर पकड शंभर टक्के आणि वर्गीकरण शून्य. यातला एकच आकडा असलेला अहवाल समोर आला, तर दुसरा मागून घ्या.

पाच दिवसांच्या नोंदींवरून कुठे बिघडते तेही दिसते. निळ्या बादलीतला बहुतेक ओला कचरा नळाजवळच्या बादलीत सापडतो. कारण साधे असते. मुले ताट धुवायला नळावर जातात, उरलेली खिचडी जी बादली जवळ असेल तिच्यात झटकतात, आणि तिथे निळी ठेवलेली असते. त्यांना माहीत नसते असे नाही. हातात खरकटे ताट घेऊन पंधरा पावले कोणी चालत नाही. हे एकदा ताडपत्रीवर दिसले की अर्धी घोषवाक्ये अनावश्यक ठरतात आणि फक्त बादली हलवायची उरते.

मुलांच्या कामाची वाटणी याच कामातून निघते. आपल्या शाळेत सातवी ते नववीतली २४ मुले घेऊ: चार तोलणारी, चार नोंदणारी, आठ बादल्यांवर लक्ष ठेवणारी, सहा खताची, दोन रद्दी-भंगाराची. तोलणारा आणि नोंदणारा एका वर्गातले नसावेत. तोलणाऱ्याने आकडा मोठ्याने म्हणायचा, नोंदणाऱ्याने काट्यावर स्वतः पाहून लिहायचा. दर दोन आठवड्यांनी निम्मी मुले बदलली तर जुनी नव्यांना शिकवतात आणि आठ आठवड्यांत साठ मुलांचे हात या कामाला लागतात. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. कचरा उचलण्याचे काम आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले गेले आहे. शाळेत तेच काम त्याच घरांतल्या मुलांकडे किंवा शिक्षा झालेल्या मुलांकडे गेले, तर सगळ्या प्रकल्पापेक्षा तो धडा जास्त लक्षात राहील. ज्या घरात कोणी कधी झाडू हाती घेतलेला नाही, त्या घरातल्या मुलाचीही पाळी ताडपत्रीवर आलीच पाहिजे.

आणि मावशींना पहिल्या बैठकीला बोलवा. कोणत्या वर्गाच्या टोपलीत काय सापडते, शुक्रवारी खिचडी जास्त का उरते, भंगारवाला कोणत्या वारी येतो हे त्यांना तोंडपाठ असते. बहुतेक शाळांत त्या एक अवघड गोष्टही सांगतात: “सर, मी दोन्ही बादल्या वेगळ्याच नेते, पण गाडीत सगळं एकातच पडतं.” हे मुलांसमोर बोलले गेले तर बरे. मुले तसेही कधीतरी फाटकाबाहेर ते पाहणारच असतात, आणि त्या दिवशी त्यांचा उत्साह संपतो. म्हणून ओला कचरा शाळेबाहेर जाऊच द्यायचा नाही आणि कोरडा कागद-भंगार थेट भंगारवाल्याला द्यायचे, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते. गाडीत मग केर-माती, रॅपर्स आणि वेगळी बांधलेली लाल ठिपक्याची पुडी एवढेच जाते.

साप्ताहिक उद्दिष्टे ठरवताना एक चूक हमखास होते. “या आठवड्यात प्रत्येक वर्गाने पाच किलो प्लास्टिक जमवायचे” असे सांगितले की मुले घरून बाटल्या आणतात, शेजाऱ्यांची रद्दी आणतात आणि शाळेचा कचरा जिथल्या तिथे राहतो. वर्गावर्गांत कमी कचऱ्याची चढाओढ लावली की कचरा खिडकीतून बाहेर जातो किंवा शेजारच्या वर्गाच्या टोपलीत. उद्दिष्ट शुद्धतेचे किंवा पकडीचे ठेवा, किलोचे नको. आणि एका आठवड्याला एकच.

दुसऱ्या आठवड्यात फक्त जागा बदलायच्या. नळाजवळ मोठी हिरवी बादली आणि मोरीच्या तोंडाशी शिते अडवायला जाळी. वर्गात बादलीच नको, तिथे फक्त कोरड्या कागदाचे खोके. डबा वर्गात खाणाऱ्यांनी साली हिरवीत टाकायला बाहेर यायचे. वर्गाबाहेर प्रत्येक ठिकाणी हिरवी आणि निळी शेजारी-शेजारी, कारण एकटी बादली जिथे असते तिथे तिच्यात सगळेच पडते. तिसऱ्या आठवड्यापासून पाहणी सुरू होते: रोज चिठ्ठी काढून एकच हिरवी बादली निवडायची, तोलायची, ओतायची, चुकीचा माल वेगळा तोलायचा. वीस मिनिटांचे काम. त्या आठवड्याचे लक्ष्य ८० टक्के शुद्धता, चौथ्याचे ९०. पाचव्यात पकड ७५ टक्क्यांवर न्यायची. पकड शोधायची तर निळ्या बादल्यांत आणि नळाखाली किती ओले गेले ते पाहावे लागते, त्यामुळे त्या आठवड्यात एक दिवस पूर्ण तोलणी करायची. सहाव्यात कोरड्या कागदाचे प्रमाण वाढवायचे.

खताचे काम चौथ्या आठवड्यात सुरू केलेले बरे. शुद्धता ८० टक्क्यांच्या खाली असताना खताच्या पिंपात ओला कचरा टाकला तर खतात रॅपर्सचे तुकडे निघतात आणि ते नंतर वेचता येत नाहीत. आपल्या शाळेत रोज चारेक किलो ओला कचरा जमेल. भोके पाडलेल्या २०० लिटरच्या पिंपात तळाला काड्या-काटक्या, मग ओल्याचा एक थर आणि त्याच्या मापाने दुप्पट वाळलेला पाला, वर मूठभर जुने खत किंवा पातळ केलेले ताक. आठवड्यातून एकदा काठीने वर-खाली करायचे. ढीग बसत जातो, तरी एक पिंप तीनेक आठवड्यांत भरते आणि भरल्यावर खत व्हायला तीनेक महिने लागतात. म्हणून एका पिंपावर भागत नाही, चार-पाच लागतात. एकच पिंप घेऊन सुरुवात केलेल्या शाळा याच ठिकाणी अडकतात.

शिजवलेली खिचडी हा त्यातला सगळ्यात अवघड माल. भात चिकटून त्याचा गोळा होतो, आत हवा जात नाही आणि दोन दिवसांत वास येतो. बिघाड ओळखायला मूठ पुरते. पिंपातला मूठभर माल हातमोजा घालून दाबायचा. बोटांमधून पाणी ठिबकले तर फार ओले झाले, पाला वाढवा आणि ढवळा. मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला तर कोरडे, पाणी शिंपडा. गोळा टिकला आणि हात फक्त ओलसर झाला तर ठीक. वासही सांगतो: नासक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, नाकात झोंबणारा आला तर पाला कमी पडला. जाड मातकट अळ्या दिसल्या की मुली-मुलगे किंचाळतात आणि कोणीतरी फिनेल ओतायला धावते. फिनेल ओतू नका. अळ्या अन्न खाऊन संपवत असतात. अन्न पाल्याखाली झाकले की त्या कमी होतात.

सातवा आठवडा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक प्रकल्पांत तो नसतोच. या आठवड्यात बादल्यांवरची मुले काढून घ्यायची. सहाव्या आठवड्यापर्यंत शुद्धता ९५-९६ टक्क्यांवर गेलेली असते, पण त्यातली किती सवयीची आणि किती बादलीशेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या धाकाची, हे कळत नाही. पहारा उठला की आकडा खाली येतो. तो जिथे येऊन थांबतो तो शाळेचा खरा आकडा. आठव्या आठवड्याची अंतिम तोलणीही पहाऱ्याविनाच करायची, पहिल्या आठवड्यासारखी: तेच वार, तीच वेळ, तोच काटा, तेच सहा ढीग.

शेवटच्या तोलणीत असे आले असे धरू: एकूण ४८ किलो, त्यातला ओला २४. हिरव्या बादल्यांत २३ किलो, पैकी खरोखर ओला २०.५. म्हणजे शुद्धता ७० वरून ८९ टक्के आणि पकड ४२ वरून ८५ टक्के. कागद ९.५ किलो, त्यातला ८ किलो कोरडा, सुरुवातीला तो ५ होता. हे चांगले काम आहे.

पण “कचरा ६० वरून ४८ किलो, २० टक्के घट” हे वाक्य अहवालात लिहायचे नाही. पहिल्या आठवड्यात पाच दिवसांची हजेरी मिळून १,९०० होती, शेवटच्या आठवड्यात थंडी-तापामुळे १,७५०. साठ किलो भागिले १,९०० म्हणजे दर मुलामागे रोज ३१.६ ग्रॅम. अठ्ठेचाळीस भागिले १,७५० म्हणजे २७.४ ग्रॅम. खरी घट १३ टक्के. हजेरीचा रकाना नसता तर सात टक्के घट मुलांच्या गैरहजेरीची असताना ती प्रकल्पाच्या नावावर लागली असती. हा भागाकार सहावीच्या मुलालाही जमतो, आणि सगळ्या प्रकल्पात मुले काय शिकली असे मला कोणी विचारले तर मी आधी याच भागाकाराकडे बोट दाखवीन.

रॅपर्सचे काय झाले? वजन १.८ किलोवरून १.६ वर आले. हजेरीने भागले तर दर मुलामागचा आकडा जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे रॅपर्समध्ये घट झालेली नाही. हेही अहवालात ठळक लिहायचे. कारण तेच सांगते की हा प्रश्न बादलीचा नाही, फाटकाबाहेरच्या दुकानाचा आणि घरून मिळणाऱ्या पाच रुपयांचा आहे. त्यासाठी पालकसभेत बोलावे लागेल.

अहवाल चार पानांचा पुरे. पहिल्या पानावर शाळेचा नकाशा आणि बादल्यांच्या आधीच्या-नंतरच्या जागा, दुसऱ्यावर दोन्ही आठवड्यांचे आकडे हजेरीसह शेजारी-शेजारी, तिसऱ्यावर काय जमले नाही, चौथ्यावर मागण्या. रंगीत फोटोंपेक्षा मुलांच्या हस्ताक्षरातली नोंदवही सोबत जोडा, खाडाखोडीसकट. एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला द्या. एक नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षकांना द्या आणि घंटागाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे ठेवण्याची मागणी शाळेच्या लेटरहेडवर करा. घनकचरा नियमांनी कचरा वेगवेगळा करून देण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली आहे आणि तो वेगळाच गोळा करण्याची स्थानिक संस्थेवर, हे त्या पत्रात लिहा. एक प्रत मावशींना द्या, त्यांचे नाव गटाच्या यादीत पहिले घालून.

आणि तिसऱ्या पानाखाली थोडी जागा कोरी सोडा. पुढच्या जूनमध्ये शाळा भरली की नव्या पाचवीला काहीही न सांगता एक दिवस पुन्हा ताडपत्री अंथरा, शुद्धता आणि पकड काढा आणि ते दोन आकडे तिथे पेनाने लिहा.